कोण कोणावर खेकसतो: संवादातली क्रियापदे

कथा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याची तक्रार ठरलेली असते. पानभर संवाद लिहून झाला की दर ओळीत ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘म्हणाले’ दिसू लागते आणि ते खटकते. मग शब्दकोश उघडला जातो, रागाची क्रियापदे एका रकान्यात, दुःखाची दुसऱ्या, भीतीची तिसऱ्या, अशी यादी तयार होते आणि ‘म्हणाला’ खोडून त्या जागी यादीतला शब्द बसवला जातो. ओळ मात्र सुधारत नाही. भावनेच्या रकान्यातून उचललेला शब्द भावना सांगतो. पण मराठीतले बोलण्याचे क्रियापद त्याहून बरेच अधिक सांगत असते. कोण मोठा, कोण लहान, आवाज किती, समोरच्याला ऐकू जावे असा हेतू आहे की नाही, हे सगळे त्या एका शब्दात भरलेले असते. म्हणून भावनेनुसार वर्गवारी करायचीच, पण प्रत्येक वर्गात आणखी एक प्रश्न विचारायचा: कोण कोणाला?

रागापासून सुरुवात करू, कारण मराठीत सर्वांत भरलेला रकाना तोच आहे. ‘ओरडणे’ हे मूळचे आवाजाचे क्रियापद. विहिरीत पडलेला माणूस ओरडतो, त्यात राग नसतो. पण ‘वर’ लागले की अर्थ पालटतो: ‘तो ओरडला’ आणि ‘तो तिच्यावर ओरडला’ या दोन वेगळ्या घटना आहेत. ‘खेकसणे’ आणि ‘डाफरणे’ हेही कोणावर तरीच होते. खेकसणारा माणूस आधीच वैतागलेला असतो. समोरच्याने काही विचारले आणि त्याच्या तोंडून दोन-चार शब्द सुटले, एवढाच तो प्रकार. तीन ओळींचा युक्तिवाद कोणी खेकसून करत नाही. ‘करवादणे’ यात राग कमी, थकवा आणि चिडचिड जास्त. दिवसभर राबलेले माणूस संध्याकाळी पोरांवर करवादते. लेखक बहुतेक वेळा ते बाईच्याच वाट्याला देतात. ‘फणकाऱ्याने म्हणाली’चेही तसेच, आणि गरजण्या-कडाडण्याचा मक्ता पुरुषांकडे. हे सवयीने घडते, म्हणून प्रत्येक वेळी थांबून पाहावे. दुकान बंद करून घरी आलेला बाप करवादतो असे लिहिले, तर तो माणूस वाचकाला एकदम स्पष्ट दिसतो.

आता ‘ला’ घेणारी क्रियापदे पाहा: दटावणे, दरडावणे, खडसावणे, सुनावणे, बजावणे. यांत नुसता राग बाहेर पडत नाही, समोरच्याला काहीतरी केले जाते. ‘दटावणे’ बहुधा मोठ्याने लहानाला आणि त्यात मायाही असू शकते. आजी नातवाला दटावते तेव्हा वाचक घाबरत नाही. ‘दरडावणे’ म्हणजे धाक दाखवणे, तिथे मायेला जागा नाही. ‘खडसावणे’ यात जाब विचारलेला असतो. ‘सुनावणे’ मात्र खालून वरही होते: सून सासऱ्याला सुनावते, कारकून साहेबाला सुनावतो, आणि तसे झाले की वाचक सावरून बसतो, कारण नेहमीची उतरंड मोडलेली असते. ‘बजावणे’ हे पुढे काय होऊ शकते याबद्दलचे, त्याला रागाची गरजही नसते. डॉक्टर रुग्णाला बजावतात, आई सहलीला निघालेल्या मुलाला बजावते. एवढे लक्षात घेतले तर ‘नातवाने आजोबांना दटावले’ हे वाक्य का वेगळे लागते ते कळते. ते व्याकरणाने चूक नाही. तिथे नातू आजोबांचा पालक झाला आहे. आजोबा आजारी असतील आणि नातू औषध चुकवू देत नसेल, तर तोच शब्द अचूक आहे. नसेल, तर लेखकाने यादीतून चुकीचा शब्द उचलला आहे.

इथेच व्याकरणाची एक मेख आहे आणि नवख्या लेखकांची वाक्ये तिच्यातच अडकतात. ‘म्हणणे’ हे मराठीतले थोडे विशेष क्रियापद आहे. ते सकर्मक असूनही भूतकाळात बहुधा कर्त्याप्रमाणेच चालते: तो म्हणाला, ती म्हणाली, आजोबा म्हणाले. ‘बोलणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ यांचेही तसेच. त्यामुळे ‘म्हणाला’च्या जागी दुसरा शब्द ठेवताना हात आपोआप तोच साचा वापरतो आणि ‘तो तिला सुनावला’, ‘ती त्याला बजावली’ अशी वाक्ये तयार होतात. हवे असते ‘त्याने तिला सुनावले’, ‘तिने त्याला बजावले’. कानाने ओळखायची एक सोपी खूण आहे. जे कोणावर तरी होते किंवा नुसतेच होते, ते कर्त्याप्रमाणे चालते: तो ओरडला, खेकसला, डाफरला, पुटपुटला, ती कुजबुजली, उद्गारली. जे कोणाला तरी केले जाते, त्याला ‘ने’ लागतो: त्याने विचारले, सांगितले, दटावले, खडसावले, विनवले, समजावले. ‘म्हणणे’ स्वतः या खुणेला अपवाद आहे, कारण ‘तो मला म्हणाला’ हेच बरोबर. म्हणजे मघाचा ‘कोण कोणाला’ हा प्रश्न विचारला की नाते आणि प्रयोग दोन्ही एकदम सुटतात.

एक परिणाम मात्र ध्यानात ठेवायला हवा. ‘म्हणाली’ या शब्दात बोलणारी स्त्री आहे हे आलेलेच असते. ‘सुनावले’ यात ते नाही. ते आता ‘तिने’ या शब्दावर अवलंबून आहे. दोन बायका आणि एक पुरुष बोलत असतील आणि लेखक लागोपाठ ‘तिने खडसावले’, ‘तिने बजावले’ लिहीत गेला, तर वाचक तिसऱ्या ओळीला हरवतो. अशा जागी नाव घालावे किंवा सरळ ‘म्हणाली’वर परतावे.

दबक्या आवाजाच्या क्रियापदांत दोन शब्दांची गल्लत फार होते, ‘पुटपुटणे’ आणि ‘कुजबुजणे’. दोन्हींत आवाज लहान. पण कुजबुजणारा माणूस मुद्दाम आवाज लहान करतो: एकाला ऐकू जावे आणि बाकीच्यांना जाऊ नये म्हणून. त्याला ऐकणारा कान लागतो. पुटपुटणाऱ्याला तो लागत नाही. ओठ हलतात, शब्द अर्धे तोंडातच राहतात, समोरच्याला ऐकू गेले तर गेले. कथेत हा फरक मोलाचा आहे. पात्र पुटपुटले, तर समोरचा ‘काय म्हणालास?’ असे विचारू शकतो आणि मग ते वाक्य पुन्हा, या वेळी मोठ्याने, म्हणण्याचे धैर्य पात्राकडे आहे का हा नवा प्रसंग उभा राहतो. कुजबुजण्यातून असा प्रसंग निघत नाही. तिथून निघते ते तिसऱ्या माणसाचे कान टवकारणे. ‘कुरकुरणे’ आणि ‘भुणभुण करणे’ हे आणखी वेगळे. ते एका वाक्याचे क्रियापदच नव्हे, तो कितीतरी वेळ चाललेला प्रकार आहे. म्हणून ‘“मला नको ही भाजी,” तो कुरकुरला’ ही ओळ चालून जाते, पण ‘तो जेवण होईपर्यंत कुरकुरत होता’ ही अधिक खरी वाटते.

दुःखाच्या रकान्याकडे वळले की एक गोष्ट चटकन जाणवते. रागासाठी मराठीकडे डझनावारी स्वतंत्र क्रियापदे आहेत, पण दुःखाने बोलण्यासाठी जवळजवळ नाहीत. ‘“मी एकटी पडले,” ती हुंदकली’ असे कोणी लिहिले तर ते ओढूनताणून आणलेले वाटते. ‘ती विव्हळली’ म्हणावे तर ते शारीरिक वेदनेचे. मराठी इथे वेगळी वाट काढते. ‘म्हणाली’ तसेच ठेवते आणि भावना त्याच्याआधी धातुसाधितात घालते: गहिवरून म्हणाली, कळवळून म्हणाली, स्फुंदत म्हणाली, मुसमुसत म्हणाली. आपल्या लेखनपरंपरेत ‘म्हणाला’ इतका का टिकला याचे उत्तर इथे सापडते. त्याच्या आधीची जागा मोकळी असते आणि तिथे हवे ते बसते.

या जागेत ‘ऊन’ आणि ‘त’ यांपैकी काय घालायचे, यानेही फरक पडतो. ‘हसून म्हणाला’ यात हसणे आधी, बोलणे नंतर. ‘हसत म्हणाला’ यात दोन्ही एकत्र चालू. ‘गहिवरून’ म्हणतात कारण गहिवर आधी दाटतो आणि मग शब्द फुटतात. ‘रडत’ म्हणतात कारण रडणे बोलतानाही थांबलेले नसते. ‘रडून म्हणाली’ असे लिहिले तर रडणे उरकल्यावर ती बोलली असा अर्थ होतो. क्वचित तोच हवाही असतो. ‘ऊन’चा आणखी एक नियम असा की, त्याचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच हवा. ‘आवाज चढून तो म्हणाला’ हे म्हणून लंगडे: चढतो आवाज, म्हणतो तो. ‘आवाज चढवून तो म्हणाला’ हवे. तसेच ‘डोळ्यांत पाणी येऊन ती म्हणाली’ नव्हे, ‘डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली’. पण इथे पाहा, ‘पाणी आणून’ म्हटल्यावर ती मुद्दाम रडते आहे असा वास येऊ शकतो. तो नको असेल तर वाक्य तोडावे: ‘तिच्या डोळ्यांत पाणी आले. “जाऊ दे,” ती म्हणाली.’ दोन साधी वाक्ये, कोणतीही शंका नाही.

भीतीचेही असेच. चाचरत, अडखळत, कापऱ्या आवाजात, ततपप करत. इथे मला एकच सांगायचे आहे. अडखळणे बोलण्यात दाखवा किंवा क्रियापदात, दोन्हीकडे नको. ‘“मी... म्हणजे मला... तिथे कोणी नव्हते,” तो अडखळत म्हणाला’ यात शेवटचे तीन शब्द वाचकाने आधीच ऐकलेले आहेत.

विनवणीच्या शब्दांत मात्र पुन्हा नाते आणि मान यांचा प्रश्न येतो, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘विनवणे’ यात विनवणारा आपला मान राखून असतो. ‘गयावया करणे’ यात तो गमावतो. वाचकाला त्याची कीव येते किंवा किळस. ‘गळ घालणे’ बरोबरीच्या माणसांत किंवा जिथे हक्क आहे तिथे: ‘लग्नाला याच, अशी तिने गळ घातली’. ‘मनधरणी करणे’ यासाठी समोरचे माणूस रुसलेले हवे. हे बहुतेक नाम आणि ‘करणे’ किंवा ‘घालणे’ अशा जोडीचे शब्द आहेत आणि अवतरणचिन्हांशेजारी ते अवघडून बसतात. ‘“मला सोडा,” त्याने गयावया केली’ यापेक्षा ‘त्याने खूप गयावया केली, पण कंडक्टरने त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलेच’ हे चांगले. यातून कळते की काही क्रियापदे संवादाला जोडण्यासाठी नसतात. संवाद न लिहिता तो प्रसंग एका वाक्यात पुढे नेण्यासाठी ती असतात. पाच ओळींची विनवणी लिहायची की एका ‘गयावया’त उरकायची, हा निर्णय त्या प्रसंगाचे कथेतले वजन पाहून घ्यावा.

थट्टा आणि टोमण्यांबद्दल थोडक्यात. टोमणा मारला, चिमटा काढला, फिरकी घेतली, कोपरखळी मारली, असे आपल्याकडे बरेच आहे. पण टोमणा टोमण्यासारखा लागला असेल तर तो टोमणा होता हे सांगावे लागत नाही, आणि लागला नसेल तर सांगून लागणार नाही.

आता हे सगळे एका छोट्या प्रसंगावर लावून पाहू. धान्याच्या डब्यात ठेवलेले पैसे नाहीसे झाले आहेत. घरात आबा, आई आणि कॉलेजात जाणारी सुधा. पहिला खर्डा असा:

आबा म्हणाले, “डब्यातले पैसे कुठे गेले?”
सुधा म्हणाली, “मला नाही माहीत.”
आई म्हणाली, “तिला कशाला विचारता?”
आबा म्हणाले, “मग कोणाला विचारू?”
सुधा म्हणाली, “मी घेतले.”
आई म्हणाली, “काय?”
सुधा म्हणाली, “फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती.”

कोण काय बोलले ते नीट कळते, पण सात ओळी एकाच साच्यात सुरू होतात. मराठीत ‘म्हणाला’ बऱ्याचदा संवादाच्या आधी येतो, म्हणून तो ओळीच्या तोंडाशी जमा होतो आणि अधिकच डोळ्यांवर येतो. आता यादी हाताशी घेऊन केलेला दुसरा खर्डा. आबा गरजले, सुधा चाचरली, आई कडाडली, आबा गुरगुरले, सुधा हुंदकली, आई किंचाळली, सुधा विव्हळली. प्रत्येक शब्द वेगळा, आणि घराचे नाटक कंपनीत रूपांतर झाले. तिघेही सर्वोच्च पट्टीत बोलत आहेत, म्हणून कोणाचाच आवाज ऐकू येत नाही. पैसे गेल्याचे आबांना पहिल्याच ओळीत कळले आहे, तिथेच ते गरजले तर ‘मग कोणाला विचारू’ला चढायला जागा उरत नाही. आणि ‘कडाडली’ म्हटल्यावर आई नवऱ्याशी भांडायला उठली असे वाटते, जेव्हा खरे तर ती मुलीला पाठीशी घालते आहे.

तिसरा खर्डा:

आबांनी डबा परातीत उपडा केला. “यातले पैसे कुठे गेले?”
“मला नाही माहीत,” सुधा म्हणाली.
“अहो, तिला कशाला विचारता?”
“मग कोणाला विचारू?” आबा खेकसले.
सुधा पुटपुटली, “मी घेतले.”
“काय?”
“फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती, आबा.”

एकेक ओळ पाहू. पहिल्या ओळीत बोलण्याचे क्रियापदच नाही. डबा उपडा करणारा माणूस पुढे बोलला, हे वाचक आपोआप जोडतो. शिवाय आबांचा संशय आणि घाई त्या कृतीत आली. दुसऱ्या ओळीत साधे ‘म्हणाली’. सुधा खोटे बोलते आहे, आणि खोटे बोलणाऱ्याची ओळ शक्य तितकी सपाट असावी. ‘चाचरली’ म्हटले असते तर गुपित तिथेच फुटले असते. तिसरी ओळ आईची आहे हे ‘अहो’ने सांगितले. मराठी लेखकाला मिळालेली ही मोठी सोय आहे: अहो, अगं, अरे, गं, रे, यांवरून कोण कोणाशी बोलते आहे ते कळते. पहिल्या पुरुषातली क्रियापदेही मदत करतात. ‘मी येते’ आणि ‘मी येतो’ एवढ्यावर स्त्री-पुरुषांचा अख्खा संवाद ‘म्हणाला’शिवाय चालू शकतो.

चौथ्या ओळीत ‘खेकसले’. हा या प्रसंगातला एकमेव रागाचा शब्द आणि तो दोन-तीन शब्दांच्या वाक्यावर आहे, जिथे खेकसणे शक्य आहे. पाचव्या ओळीत ‘पुटपुटली’, आणि तेही संवादाच्या आधी. हा क्रम मुद्दाम. आवाजाची पट्टी नेहमीपेक्षा वेगळी असेल तर ती आधी सांगावी, नाहीतर वाचक मनात ते वाक्य नेहमीच्या आवाजात वाचून मोकळा होतो आणि मग त्याला मागे जाऊन ते लहान आवाजात पुन्हा ऐकावे लागते. सहाव्या ओळीतला ‘काय?’ कोणाचा ते मी सांगितलेले नाही. आईचा असेल, आबांचा असेल. पुटपुटलेले नीट ऐकू आले नाही म्हणून असेल, ऐकू आले म्हणूनही असेल. शेवटच्या ओळीतले ‘आबा’ हे संबोधन सुधा कोणाला उत्तर देते आहे ते सांगते. सात ओळींत एक ‘म्हणाली’ आणि दोन खास क्रियापदे उरली.

अमेरिकी कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम दिले होते. त्यांतला एक असा की संवादाला ‘सेड’ सोडून दुसरे क्रियापद लावूच नये. संवाद पात्राचा असतो, क्रियापदातून लेखक मध्ये तोंड घालतो. हा नियम इंग्रजीतही सगळे पाळत नाहीत आणि मराठीत तो जसाच्या तसा घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. ‘खेकसणे’, ‘करवादणे’, ‘दटावणे’ हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत; ‘आज साहेब माझ्यावर खेकसले’ असे माणसे घरी येऊन सांगतात. जो शब्द लोक बोलताना वापरतात तो कथेत परका वाटत नाही. ‘चित्कारली’, ‘फुत्कारला’, ‘गरजले’ यांबाबत लेनर्ड बरोबर ठरतात, कारण ते शब्द घरी कोणी वापरत नाही. कोणता शब्द ठेवायचा याची मी हीच कसोटी लावतो: हे भांडण शेजारी दुसऱ्या दिवशी सांगेल तेव्हा तो हा शब्द वापरेल का? जुने पण जिवंत शब्द शोधायचे असतील तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती चाळावी. ध्वनीवरून झालेली क्रियापदे त्यात भरपूर आहेत. मात्र तिथून उचललेला शब्दही याच कसोटीला लावावा.

प्रथमपुरुषी कथेत ही निवड आणखी नाजूक होते. तिथे क्रियापद लेखकाचे नसते, निवेदक पात्राचे असते, म्हणून ते साक्ष बनते. वरचाच प्रसंग सुधाने सांगितला तर ती लिहील, ‘आबा आईवर खेकसले.’ आबांनी सांगितला तर ते बहुधा लिहितील, ‘मी जरा आवाज चढवून म्हटले.’ आणि आई सांगत असेल, तर ती त्या ओळीला नुसते ‘हे म्हणाले’ एवढेच लावील, कारण तिला हा आवाज रोजचा आहे.